ट्रान्सफॉर्मर तेलातलं पाणी मोजताना: ड्रिफ्ट आणि सिरिंज

कूलोमेट्रिक कार्ल फिशर या पाणी मोजणाऱ्या टायट्रेशन यंत्रावर नव्याने बसणारी मंडळी स्क्रीनवरच्या पीपीएमकडे पाहतात. मी आधी ड्रिफ्ट पाहतो. पाण्याशी अभिक्रिया करणारं आयोडीन इथे ब्युरेटमधून येत नाही, सेलमध्येच विजेने तयार होतं. 1 मिलिग्रॅम पाण्याला 10.71 कूलोम खर्च होतात, त्यामुळे टायटर काढावा लागत नाही. पण सेलमध्ये हवेतून शिरणारं पाणीही यंत्र तितक्याच इमानदारीने मोजतं. ते दर मिनिटाला किती, तो ड्रिफ्ट.

एक हिशेब बघा. 8 ग्रॅम तेल टोचलं, 3 मिनिटांत 126 मायक्रोग्रॅम पाणी दिसलं, ड्रिफ्ट मिनिटाला 6 मायक्रोग्रॅम होता. 18 वजा केले, 108 उरले, म्हणजे 13.5 पीपीएम. आता ड्रिफ्ट टोचताक्षणीच 6 वरून 9 झाला असेल, तर 9 मायक्रोग्रॅम जास्तीचे धरले गेले. 8 ग्रॅमला ती चूक साधारण 1 पीपीएमची. तेच तेल फक्त 1 ग्रॅम घेतलं असतं तर 13.5 मध्ये 9 ची भर पडली असती! म्हणून कोरड्या तेलाचा नमुना मोठा घ्यायचा. आणि स्थिर 8 मला डुगडुगणाऱ्या 4 पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

ड्रिफ्ट उतरतच नसेल तर सेल हलकेच गोल फिरवा, भिंतीवरचं पाणी द्रावणात येऊ द्या. तरीही उतरत नसेल तर सेप्टम भोकं पडून सैल झालाय का, वाळवण नळीतलं मॉलिक्युलर सीव्ह संपलंय का, ते पाहा. कॅथोडच्या कप्प्यातलं जुनं द्रावण मात्र सगळ्यात शेवटी आठवतं.

सिरिंजचं म्हणाल, तर तिचा खरा शत्रू बुडबुडा. पावसाळ्यात 30 अंशांना, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर मिलिलिटरला सुमारे 24 मायक्रोग्रॅम पाणी असतं. म्हणजे वरच्या नमुन्यात एवढी हवा गेली की 3 पीपीएम फुकटचे. त्याच तेलाने सिरिंज दोन-तीनदा खळखळून ते तेल टाकून द्या, मग भरा, सुई वर करून हवा काढा, सुई पुसा आणि मगच वजन करा. टोचल्यावर टोकाला लोंबणारा थेंब आत ओढून घ्या, नाहीतर तो सेप्टमला पुसला जातो आणि वजनातला फरक खोटा ठरतो. नंतर सिरिंजचं पुन्हा वजन. खुणांवरून आकारमान वाचू नका.

तेल सेलच्या द्रावणातल्या मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. लांब साखळीचं अल्कोहोल, उदाहरणार्थ डेकॅनॉल, असलेलं अभिकर्मक घेतलं तरी काही नमुन्यांनंतर वर थर साचतो. तो काढा किंवा द्रावण बदला.

टायट्रेशन संपूनही ड्रिफ्ट आधीच्या पातळीवर येत नसेल, तर तेल पाणी सावकाश सोडतंय किंवा जुन्या तेलातलं काहीतरी आयोडीन खातंय. तसा आकडा मी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. तोच नमुना ओव्हनमध्ये तापवून, कोरड्या वायूने फक्त वाफ सेलमध्ये नेतो, आणि रिकाम्या व्हायलचा ब्लँक वजा करतो.