चेन, बेसलाइन, ऑर्डिनेट: ड्रॉइंगवर मापं देताना या चुका टाळा

नवीन मुलं ड्रॉइंग दाखवायला आणतात तेव्हा मी आकार नंतर बघतो, मापांच्या रेघा कुठून निघाल्यात ते आधी बघतो. या भोकापासून त्या भोकापर्यंत, तिथून पुढच्यापर्यंत, अशी चेन लावलेली दिसली की एकच प्रश्न विचारतो: पहिल्या आणि शेवटच्या भोकातलं अंतर किती चुकू शकतं? उत्तर येतं, "सर, टॉलरन्स दिलाय ना." दिलाय, पण प्रत्येक पिचला. एकूण अंतराला कुठे दिलाय?

एका मशीनच्या गाइड पट्टीवर ६.६ मिमीची सहा भोकं होती. ती बेडवरच्या एम६ टॅपवर बसायची. ड्रॉइंगवर ४० ± ०.१५ असे पाच पिच चेनने दिलेले. वर्कशॉपवाल्याने साधी जिग केली: एक भोक पाडायचं, त्यात पिन घालायची, त्याच्या आधाराने पुढचं पाडायचं. जिगचा पिच निघाला ४०.१४. इन्स्पेक्शनमध्ये प्रत्येक पिच पास, कारण हद्द ४०.१५ ची. पण पाच पिच मिळून २०० ऐवजी २००.७० झाले.

बेडवरचे टॅप व्हीएमसीवर मारलेले, ते जागेवर होते. बोल्टभोवती ढील ०.६, म्हणजे मधोमध धरलं तर प्रत्येक बाजूला ०.३. पहिला बोल्ट मधोमध कसला तर दुसरा-तिसरा गेला, चौथ्यापासून अडला. सगळे सैल करून पट्टी सरकवली तरी सहाव्याला ०.४ ची चूक उरलीच. मग फिटरने कानस काढली. भांडण मात्र मिटेना, कारण ड्रॉइंगप्रमाणे माल बरोबर होता! पाच पिच गुणिले ०.१५ म्हणजे ± ०.७५ चूक ड्रॉइंगनेच मंजूर केली होती.

"सगळ्या चुका एकाच बाजूला थोड्याच जातात" हे इथे चालत नाही. जिग एकच असली की चूकही प्रत्येक वेळी त्याच बाजूला जाते.

मी असल्या पट्टीला पहिल्या भोकापासून ४०, ८०, १२०, १६०, २०० अशी बेसलाइन मापं देतो. प्रत्येकाला ± ०.२ दिलं तर पहिल्यापासून कुठलंही भोक ०.२ च्या वर चुकत नाही, आणि बाकीच्यांतल्या कुठल्याही दोन भोकांमध्ये फार तर ± ०.४. टॉलरन्स आधीपेक्षा सैल, पट्टी तरी बसते, आणि बेडच्या टॅपसाठीही थोडी जागा उरते. चेनने हीच हमी हवी असेल तर प्रत्येक पिचला ± ०.०४ मागावं लागेल. तो भाव वर्कशॉपवाल्याला विचारून बघा.

हे ऐकून काही जण सगळंच बेसलाइनने द्यायला लागतात, आणि टॉलरन्स लिहायचा कंटाळा म्हणून खाली "आयएसओ २७६८-एम" टाकून मोकळे होतात. त्या तक्त्यात माप वाढलं की टॉलरन्सही वाढतो. ३० च्या वर १२० पर्यंत ± ०.३, त्यापुढे ४०० पर्यंत ± ०.५. म्हणजे १६० आणि २०० वरच्या शेजारी-शेजारी भोकांमधलं अंतर ± १.० ने चुकू शकतं. तेच ४० चं माप थेट दिलं असतं तर ± ०.३ मिळालं असतं. शेवटच्या दोन भोकांवर एखादी बेअरिंग प्लेट बसणार असेल, तर तेवढं एक माप मी थेट देतो आणि १६० चं बेसलाइन माप काढून टाकतो. दोन्ही ठेवली तर वर्कशॉप सोयीचं पाळतं. याच कारणाने चेनमधली सगळी मापं आणि वर एकूण लांबी, असंही देऊ नका. एक माप कंसात टाका, म्हणजे ते फक्त माहितीपुरतं राहतं.

ऑर्डिनेट, म्हणजे एकाच शून्यापासूनचा आकडा प्रत्येक भोकासमोर थेट लिहिणं, हा कुणाला तिसराच जादूचा प्रकार वाटतो. टॉलरन्सच्या हिशेबात ती बेसलाइनच आहे: शून्यापासून ± ०.२, तर कुठल्याही दोन भोकांत ± ०.४. फायदा एवढाच की रेघांची गर्दी होत नाही आणि व्हीएमसीवाल्याला आकडे तसेच प्रोग्रॅममध्ये घालता येतात.

बिघडतं ते शून्याच्या जागेवरून. ऑटोकॅडमध्ये `DIMORDINATE` चालू यूसीएसच्या शून्यापासून मोजतं. घाईत `UCS` हलवायचं राहिलं की सगळे आकडे भलतीकडून येतात. ते निदान डोळ्याला दिसतं. कोपरा सोयीचा दिसला म्हणून गॅस कटिंगच्या कच्च्या कडेवर ठेवलेलं शून्य मात्र दिसत नाही. त्या कडेला ऑपरेटर एज फाइंडर लावतो, दर वेळी वेगळं रीडिंग येतं, शेवटी तो आपल्याच मनाने एखादं भोक शून्य धरतो आणि इन्स्पेक्टर दुसरंच. शून्य मशीन केलेल्या बाजूवर किंवा जुळणीत जे भोक आधी बसतं त्याच्यावर ठेवा, आणि कच्ची कड त्या शून्यापासून सैल टॉलरन्सने द्या.