तरतूद, कंटिंजंट लायबिलिटी आणि एनआरव्ही: खरे-खोटे प्रश्नांत या चुका टाळा

सीए फाउंडेशनच्या अकाउंटिंगच्या पेपरात पहिल्याच प्रश्नात सहा विधाने येतात, प्रत्येकी दोन गुणांची, आणि ‘कारणासह’ खरे की खोटे ते लिहायचे असते. वह्या तपासताना मला दिसते ते असे, की मुलांना नियम पाठ असतो. चुकते ते विधानातला एखादा शब्द वाचण्यात, नाहीतर कारण लिहिण्यात.

सगळ्यात जास्त घोळ तरतूद आणि कंटिंजंट लायबिलिटी यांत होतो, आणि त्यात थोडा दोष भाषेचाही आहे. एएस २९ मध्ये ‘प्रोबेबल’ आणि ‘पॉसिबल’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना ‘संभाव्य’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच फरक पुसला जातो. प्रोबेबल म्हणजे पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त. पॉसिबल म्हणजे जाऊ शकतात, पण तितकी शक्यता नाही. म्हणून मी वर्गात एकच दावा दोन वर्षे चालवून दाखवते.

एका कारखान्याने डिसेंबर २०२३ मध्ये मशीन विकले. ते बिघडले म्हणून गिऱ्हाइकाने ३,००,००० रुपयांचा दावा लावला. ३१ मार्च २०२४ ला वकिलांचे मत असे, की बिघाड गिऱ्हाइकाच्या वापरामुळे झालेला दिसतो. आपण हरू शकतो, पण तशी शक्यता कमी आहे. इथे जर्नल एंट्री नाही. रक्कम ताळेबंदाच्या बेरजेत येत नाही, फक्त खालच्या टिपेत येते. पुढच्या वर्षी तपासणीचा अहवाल आला, दोष कारखान्याच्याच सुट्या भागात निघाला. ३१ मार्च २०२५ ला वकील म्हणतात, पूर्ण रक्कम बहुधा भरावी लागेल. आता नफातोटा खाते डेबिट आणि तरतूद ३,००,०००. दावा तोच, रक्कम तीच; बदलली ती शक्यता.

हे एकदा समजले की तीन विधाने एकदम सुटतात. ‘कंटिंजंट लायबिलिटी ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवतात’ हे खोटे. ‘एकदा कंटिंजंट ठरलेली देयता पुढे कंटिंजंटच राहते’ हेही खोटे. आणि ‘प्रत्येक कंटिंजंट लायबिलिटी टिपेत द्यावीच लागते’ यात ‘प्रत्येक’ शब्द फसवतो: पैसे जाण्याची शक्यता अगदीच दूरची, म्हणजे ‘रिमोट’ असेल, तर टीपही लागत नाही.

दुसरी चूक उलट बाजूची. ‘पुढच्या वर्षी मशीनची मोठी दुरुस्ती करायची आहे, म्हणून आज तरतूद करावी’ याला मुले सावधगिरीच्या तत्त्वाचे नाव देऊन ‘खरे’ लिहितात. ते खोटे. तरतुदीला घडून गेलेल्या घटनेतून आज उभे राहिलेले देणे लागते. दुरुस्तीचा बेत कारखाना उद्या रद्द करू शकतो, मशीनच विकून टाकू शकतो. मग देणे कुठे उभे राहिले? उत्तरात ‘सावधगिरी’ न लिहिता ‘भूतकाळातील घटनेतून उद्भवलेले वर्तमान दायित्व नाही’ असे लिहा. गुण या वाक्याला असतात.

आता शिल्लक माल. ‘किंमत किंवा एनआरव्ही, यांतील कमी’ हे सगळ्यांना येते. विधानात ‘एकूण मालाची’ असे आले की मात्र पाय घसरतो. एका कापड दुकानाचे उदाहरण घ्या. साड्यांची किंमत ४०,००० आणि एनआरव्ही ४६,०००. शालींची किंमत २५,००० पण एनआरव्ही १९,०००. शर्टपीसची किंमत ३५,००० आणि एनआरव्ही ३७,०००. बेरजा तुलना केल्या तर किंमत १,००,०००, एनआरव्ही १,०२,००० आणि मूल्य १,००,००० निघते. शालींवरचा तोटा साड्यांच्या अजून न झालेल्या नफ्याखाली झाकला जातो. एएस २ प्रमाणे तुलना एकेका वस्तूची (अगदी सारख्या वस्तूंचा गट चालतो), म्हणून ४०,००० + १९,००० + ३५,००० = ९४,०००.

एनआरव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे, हेही पक्के करा. शाल २०,००० ला जाईल आणि ती विकायला १,००० रुपये दलाली लागेल, तर एनआरव्ही १९,०००. माल अर्धवट असेल तर तो पूर्ण करण्याचा खर्चही वजा होतो.

कच्च्या मालावरचे विधान हुशार मुलांनाही चकवते: ‘सुताचा भाव पडला, म्हणून शिल्लक सूत कमी मूल्याने दाखवावे.’ ते सुताचा भाव बघतात. बघायचे असते कापडाकडे. त्या सुतापासून विणलेले कापड आपल्या उत्पादन खर्चाला किंवा त्याहून जास्त भावाला विकले जाणार असेल, तर सूत किमतीलाच राहते. कापडच तोट्यात जाणार असेल, तेव्हाच सुताचे मूल्य खाली आणायचे, आणि तेव्हा सुताचा बदली खर्च हा एनआरव्हीचा चांगला अंदाज ठरू शकतो. विधानात कापडाबद्दल काहीच दिले नसेल, तर ‘खोटे’ लिहा आणि कारणात ही अट स्पष्ट मांडा.