तिरप्या प्रकाशात ग्रेटिंगचा सर्वात वरचा क्रम कसा काढावा

क्रम किती दिसतील असे विचारले की बहुतेक विद्यार्थी d ला λ ने भागून मोकळे होतात. प्रकाश ग्रेटिंगवर लंब पडत असेल तर हे बरोबर आहे. ग्रेटिंग फिरवली की चूक. मग कोणीतरी सांगते, ‘तिरपे असेल तर sin i मिळवून टाका.’ हा सल्ला अर्धाच आहे, आणि त्याच्यामुळे एका बाजूचे उत्तर हमखास चुकते.

प्रयोगशाळेतले नेहमीचे उदाहरण घेऊ. एका इंचात १५,००० रेषा असलेली ग्रेटिंग आणि सोडियमचा दिवा. दोन लगतच्या फटींमधले अंतर d = १६९३ नॅनोमीटर, सोडियमची सरासरी तरंगलांबी λ = ५८९.३ नॅनोमीटर. म्हणून λ/d = ०.३४८. हा एकच आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढचे सगळे त्यावरच चालते. लंब आपातात d/λ = २.८७, म्हणजे दोन्ही बाजूंना दुसऱ्या क्रमापर्यंत रेषा दिसतात.

स्पेक्ट्रोमीटर समतल करून, कॉलिमेटर आणि दुर्बीण समांतर प्रकाशासाठी जुळवून, ग्रेटिंग नेहमीच्या पद्धतीने आधी लंब स्थितीत आणा. मग प्रिझम टेबल व्हर्नियरवर मोजून ३०° फिरवा. आता आपतन कोन i = ३०° झाला.

इथून पुढची पायरी अवघड आहे. मलाही तीच सर्वात उशिरा उमगली, म्हणून ती सावकाश सांगतो.

लगतच्या दोन फटी डोळ्यांसमोर आणा. प्रकाश स्तंभिकेच्या डावीकडून येतो आहे. डावी फट त्याला आधी लागते आणि उजव्या फटीकडे जाणारा किरण d sin i इतका मागे पडतो. ग्रेटिंग ओलांडल्यावर प्रकाश स्तंभिकेशी θ कोन करून पुन्हा डावीकडे वळला, तर उजव्या फटीतल्या किरणाला आणखी d sin θ जास्त चालावे लागते. तोच किरण दोनदा मागे पडला, म्हणून दोन्ही अंतरांची बेरीज होते. प्रकाश उजवीकडे वळला तर मात्र या वेळी डाव्या फटीतला किरण मागे पडतो, पहिला फरक काही अंशी भरून निघतो आणि वजाबाकी करावी लागते.

m हा क्रम धरला तर दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात मावतात:

d (sin i + sin θ) = m λ

अट एकच: निघणारा किरण स्तंभिकेच्या ज्या बाजूला आहे ती प्रकाश येण्याची बाजू असेल तर θ धन, विरुद्ध असेल तर ऋण. चिन्ह ठरवल्याशिवाय आकडे घालू नका. ‘बाजू’ म्हणजे स्तंभिकेची बाजू, सरळ जाणाऱ्या झोताची नव्हे. बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण दुर्बीण वाचते ते विचलन सरळ झोतापासून मोजलेले असते आणि θ स्तंभिकेपासून. विचलन = i + θ. दुर्बिणीचे वाचन थेट θ च्या जागी घातले तर उत्तर चुकतेच.

सूत्र बरोबर आहे का हे m = ० घालून लगेच पडताळता येते. θ = −३०° येतो, म्हणजे विचलन शून्य. प्रकाश सरळ गेला. तुमच्या चिन्हांतून असे येत नसेल तर तिथेच थांबा आणि आकृती पुन्हा काढा.

आता sin θ = ०.३४८ m − ०.५ मध्ये क्रम घालत जा. m = १ ला θ = −८.७°, m = २ ला ११.३°, m = ३ ला ३३.०°, m = ४ ला ६३.१°. m = ५ ला sin θ १.२४ येतो, जे शक्य नाही. दुसऱ्या बाजूला m = −१ ला θ = −५८.०° आणि m = −२ ला sin θ = −१.२०, म्हणजे तोही नाही. एका बाजूला चार क्रम, दुसऱ्या बाजूला एकच. सर्वात वरचा क्रम हवा असेल तर प्रत्येक बाजूला वेगळे गणित करा:

मोठ्या बाजूला m ≤ (d/λ)(१ + sin i), लहान बाजूला |m| ≤ (d/λ)(१ − sin i)

आपल्या उदाहरणात हे ४.३१ आणि १.४४ येतात. अपूर्णांक नेहमी खालच्या पूर्णांकावर आणा. ४.९ आले तरी उत्तर ४ च. आणि भागाकार नेमका पूर्णांक आला तर त्या क्रमासाठी θ = ९०°, म्हणजे प्रकाश ग्रेटिंगच्या पृष्ठभागालगत जातो आणि दुर्बिणीत काही येत नाही. तो क्रम मोजू नका.

ग्रेटिंग फिरवल्याने जास्त रेषा तयार होतात, ही समजूत सोडा. sin θ ला −१ ते +१ एवढीच जागा आहे, आणि तेवढ्यात २d/λ = ५.७५, म्हणजे पाच किंवा सहा रेषा मावतात. i बदलला की ही जागा एका बाजूला सरकते, एवढेच. लंब आपातात मधली धरून पाच रेषा होत्या, आता सहा आहेत. टोकाची मर्यादाही २d/λ हीच. या ग्रेटिंगवर सोडियमचा पाचवा क्रम i सुमारे ४७.७° च्या पुढे गेल्यावरच निघतो आणि सहावा कधीच नाही. पाचवा बघायचाच असेल तर i ६०° ठेवा, तेव्हा θ ही ६०.९° येतो. त्याहून फार तिरपे करण्यात अर्थ नाही, कारण झोताला समोर दिसणारी ग्रेटिंगची रुंदी cos i ने घटते आणि रेषा फिकी पडते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांसाठी. लंब आपातात दुसऱ्या क्रमात त्यांच्यात कोनाची जेमतेम ३.४ मिनिटे असतात, ३०° वर चौथ्या क्रमात जवळजवळ ११.

प्रत्यक्ष शोधताना मोठी बाजू कोणती हे अंदाजाने ठरवू नका. ग्रेटिंगच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली कॉलिमेटरच्या फटीची प्रतिमा शोधा. ती सरळ झोतापासून १८०° − २i, म्हणजे इथे १२०° वर सापडायला हवी. यातून i ची खात्रीही होते. परावर्तित प्रतिमा ज्या बाजूला, तिथे क्रम कमी. जास्त क्रम तिच्या विरुद्ध बाजूला. दुर्बीण तिकडे वळवा: पहिला क्रम २१.३° विचलनावर, मग ४१.३°, ६३.०° आणि ९३.१°. परावर्तनाच्या बाजूची एकुलती एक रेषा २८.० अंशांवर. चौथा क्रम कुठेही दिसत नसल्यास आधी ग्रेटिंगच्या चौकटीने झोत अडवला आहे का ते बघा.

तरीही एखादा क्रम गायब असू शकतो. ग्रेटिंगच्या फटीची रुंदी a ही d च्या नेमकी अर्धी असेल तर सम क्रम नाहीसे होतात. मग ३०° वर सूत्राने चौथा दिला तरी दिसणारा सर्वात वरचा क्रम तिसरा. तिरपे करून ते परत येत नाहीत. एका फटीचा अंधारही a (sin i + sin θ) = n λ वर पडतो, म्हणून मुख्य सूत्राला याने भागले की i निघून जातो आणि m/n = d/a उरते. लंब आपातात गायब असलेला क्रम कोणत्याही i ला गायबच राहतो.