चाक उलटं का फिरतं? सॅम्पलिंग आणि एलियसिंग वर्गात असं समजवा

सॅम्पलिंगचा तास बहुतेकदा फळ्यावरच्या स्पेक्ट्रमपासून सुरू होतो. आधी एक त्रिकोण, मग त्याच्या दोन्ही बाजूंना तसेच आणखी त्रिकोण, मग ते एकमेकांवर चढलेले. मुलं आकृती उतरवून घेतात, परीक्षेत बिनचूक काढतात. पण ५ किलोहर्ट्झचा सूर ३ किलोहर्ट्झचा का ऐकू येतो, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून मी तो त्रिकोण शेवटासाठी ठेवतो आणि सुरुवात पुठ्ठ्याच्या चकतीपासून करतो.

१. चकती आणि टाळी

जेवणाच्या ताटाएवढी चकती कापा, कडेजवळ एकच मोठा लाल ठिपका काढा आणि मधोमध टाचणी टोचून ती बोर्डावर लावा. वर्गाला सांगा, डोळे मिटून बसा. टाळी वाजली की क्षणभर उघडा आणि लगेच मिटा. दोन टाळ्यांच्या मध्ये चकती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक तासाएवढी, म्हणजे ३०° फिरवा. पाच-सहा टाळ्यांनंतर विचारलं की सगळे सांगतात, सुलटी फिरतेय, हळूहळू.

आता दिशा तीच ठेवा, पण दर वेळी अकरा तास, म्हणजे ३३०° फिरवा. उत्तर येतं, "सर, उलटी फिरतेय." मग डोळे उघडे ठेवून तेच पुन्हा पाहू द्या. इथे घाई करू नका. उलटी का वाटली, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या: ठिपका आधी बारावर होता, आता अकरावर दिसला, मधलं काही दिसलं नाही, म्हणून जवळची वाट धरली. एलियसिंग ते एवढंच. नमुने खोटं बोलत नाहीत; दोन नमुन्यांमधली वाट आपण गृहीत धरतो.

शेवटी सहा तास, १८०°. आता वर्गात वाद होतो, निम्मे सुलटी म्हणतात, निम्मे उलटी. दोन्ही बाजू सारख्याच बरोबर आहेत, आणि हीच सीमा आहे. दोन नमुन्यांमध्ये ठिपका अर्ध्या फेरीपेक्षा कमी फिरला, तरच दिशा आणि वेग ठामपणे सांगता येतात. म्हणजेच सॅम्पलिंगचा वेग फिरण्याच्या वेगाच्या दुपटीपेक्षा जास्त हवा. नेमका दुप्पट असून भागत नाही.

ठिपका एकच का, तेही सांगून टाका. तीन सारख्या पात्यांचा पंखा १२० अंशांत पुन्हा जसाच्या तसा दिसतो. त्यामुळे मिनिटाला ३०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५ फेऱ्या घेणारा पंखा कॅमेऱ्याच्या दृष्टीने सेकंदाला १५ वेळा तोच दिसतो. सेकंदाला ३० फ्रेम घेणारा कॅमेरा तिथेच सीमेवर पोचला. सायकलच्या आऱ्यांचंही तसंच.

२. एकच व्हिडिओ, वेगवेगळी चाळण

सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करा, चाकाच्या रिमला पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावा आणि चाक सेकंदाला साधारण दोन फेऱ्या घेईल असं फिरवा. मोबाइलवर ३० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, तोही उन्हात. ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकते, आणि मग कॅमेऱ्याच्या सॅम्पलिंगवर दिव्याचं सॅम्पलिंग चढतं. शिवाय कमी उजेडात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि टेपचा फराटा उमटतो.

या व्हिडिओत टेप दर फ्रेमला २४° पुढे जाते. आता त्यातल्या दर १४ व्या फ्रेमचं चित्र वेगळं काढा:

```
ffmpeg -i chaak.mp4 -vf "select='not(mod(n,14))'" -fps_mode vfr f%03d.png
```

१४ गुणिले २४ म्हणजे ३३६°. चित्रं एकापाठोपाठ एक पाहिली की चाक दर चित्राला २४° मागे जाताना दिसतं. दर १५ वी फ्रेम घेतली की ३६० पूर्ण होतात आणि चाक जागच्या जागी उभं राहतं. दर १६ वीला ३८४, म्हणजे पुन्हा २४° पुढे. उलट बाजूने या: दर ७ वी फ्रेम घेतली तर १६८° सुलटे, दर ८ वी घेतली तर १९२, म्हणजे दिसायला १६८° उलटे. सीमा सात आणि आठच्या मध्ये आहे, हे मुलं स्वतः शोधतात. चाक तेच, व्हिडिओ तोच. बदललं ते फक्त आपलं पाहणं.

एक अडचण हमखास येते. दर १५ व्या फ्रेमलाही चाक अगदी स्थिर राहत नाही, टेप सावकाश मागे सरकत जाते. बेअरिंगच्या घर्षणाने वेग दोनच्या खाली उतरतो, आणि फेरी ३६० ला थोडी कमी पडते. चूक समजून हे पुसू नका. वेगातला बारीक फरक सहज डोळ्यांना दिसतो, ते याच युक्तीने.

३. चाकापासून कोसाइनपर्यंत

इथे बरेच शिक्षक उडी मारतात आणि मुलं मागे राहतात. चाकाला दिशा आहे, तारेवरच्या व्होल्टेजला नाही. म्हणून चाकावर बाजूने उजेड पाडल्यासारखं करा आणि ठिपक्याची फक्त वरखाली हलणारी सावली पाहा. ती सावली म्हणजेच कोसाइन. सावलीवरून चाक सुलटं फिरतंय की उलटं, हे कळत नाही. म्हणून सेकंदाला ३० नमुने घेतले, तर २७ हर्ट्झचा कोसाइन (दिसायला उलट्या दिशेने ३) आणि ३ हर्ट्झचा कोसाइन एकसारखे नमुने देतात:

```python
import numpy as np
n = np.arange(8)
a = np.cos(2*np.pi*3*n/30)
b = np.cos(2*np.pi*27*n/30)
print(np.allclose(a, b))
```

उत्तर `True` येतं. साइन घेतला, तर फक्त चिन्ह बदलतं. आता त्रिकोण काढा. स्पेक्ट्रममधली प्रत्येक नक्कल म्हणजे दोन नमुन्यांमध्ये चाकाने गुपचूप घेतलेली एक-एक जादा फेरी.

४. फिल्टर आधी का लागतो

टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, म्हणजे सीमा ४००० हर्ट्झ. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये ठेवलेलं असतं. समजा फिल्टरच नाही आणि ५००० हर्ट्झची शिट्टी आत आली. दर नमुन्याला तिचं चाक २२५° फिरतं, दिसतं मात्र १३५° उलटं. ८००० वजा ५०००, म्हणजे ३००० हर्ट्झ, आणि तेही बोलण्याच्या पट्ट्यात.

वर्गात कुणीतरी विचारतंच, "मग नंतर फिल्टर लावून काढून टाकू." त्याला परत चकतीपाशी बोलवा, डोळे मिटायला सांगा आणि चकती कधी एक तास उलटी, कधी अकरा तास सुलटी फिरवा. कोणत्या वेळी काय केलं, हे ठिपक्यावरून त्याला ओळखता येणार नाही. नमुने घेतल्यावर फिल्टरपुढे जे येतं तेही तेवढंच असतं: ३००० ची खरी शिट्टी आणि ५००० चं सोंग यांचे आकडे तेच. म्हणून ४००० च्या वरचं सगळं नमुने घेण्याआधीच अडवावं लागतं. फिल्टर एका फटक्यात कापत नाही, त्याला उतरायला जागा लागते. ३४०० आणि ४००० यांच्यामधली मोकळी पट्टी त्यासाठी आहे.

हुशार मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेवा. चाक दोन टाळ्यांत नेहमी अर्ध्या फेरीहून जास्त पण एका पूर्ण फेरीहून कमी फिरतं, असं आधीच सांगितलं असेल, तर? मग अकरावर दिसलेला ठिपका अकरा तास पुढेच गेला, हे ठामपणे सांगता येतं आणि कमी नमुन्यांतही वेग बरोबर निघतो. रेडिओ रिसीव्हरमध्ये वरच्या पट्ट्यातला सिग्नल मुद्दाम कमी वेगाने सॅम्पल करतात, तो याच आधारावर; फक्त फिल्टर त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना लावावा लागतो.