साम्राज्य तुटताना सीमा कशी आखली गेली: अभ्यासाला आधी एकच खोरं घ्या

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विघटनाचा अभ्यास बहुतेक जण रंगीत भाषिक नकाशा समोर ठेवून सुरू करतात आणि तिथेच फसतात. सीमाप्रश्न म्हटला की आपल्याला आधी भाषाच आठवते. म्हणून सुरुवातीला ऑस्ट्रिया आणि युगोस्लाव्हिया या दोघांनीही हक्क सांगितलेला दक्षिण कारिंथिया हा प्रदेश घ्या. कोणत्या देशात राहायचं यावर तिथे लोकांनी मतदान केलं आणि आकडे नकाशाशी जुळले नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाशी झालेल्या 1919च्या सेंट जर्मेन तहाने इथल्या क्लागेनफुर्टच्या खोऱ्याचे दोन विभाग केले. दक्षिणेकडचा ‘अ’ युगोस्लाव्ह प्रशासनाखाली आला आणि क्लागेनफुर्ट शहर असलेला ‘ब’ ऑस्ट्रियाकडे राहिला. आधी ‘अ’ने मत द्यायचं, तो युगोस्लाव्हियाकडे गेला, तरच ‘ब’मध्ये मतदान. 10 ऑक्टोबर 1920 रोजी स्त्री-पुरुष दोघांनीही मत दिलं. मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळत, हिरवी ऑस्ट्रियाची आणि पांढरी युगोस्लाव्हियाची. नको असलेली फाडायची आणि दोन्ही लिफाफ्यात घालून पेटीत टाकायच्या.

ऑस्ट्रियाला 22,025 मतं पडली, युगोस्लाव्हियाला 15,279. म्हणजे साधारण 59 आणि 41 टक्के. आता 1910ची जनगणना काढा: याच ‘अ’ विभागात सुमारे 70 टक्के लोक स्लोव्हेन, म्हणजे युगोस्लाव्हियातल्याच एका भाषेचे, भाषक. शंभर मतदार धरा. तीसच्या तीस जर्मन भाषक ऑस्ट्रियाकडे गेले असं मानलं, तरी 59 भरायला 29 कमी पडतात. ते स्लोव्हेनांमधूनच आले; म्हणजे दर दहा स्लोव्हेनांपैकी निदान चारांनी ऑस्ट्रिया निवडला. हा हिशेब ढोबळ आहे, कारण जनगणनेत मुलंही मोजलेली असतात, मतदाराचं वय मात्र 1 जानेवारी 1919 रोजी किमान वीस वर्षं हवं होतं.

असं का झालं? भूगोलाचा नकाशा घ्या. दक्षिणेला कारावांकन डोंगररांग, उत्तरेला क्लागेनफुर्टची बाजारपेठ. शेतमाल उतारावरून शहराकडे जायचा. डोंगर ओलांडून युगोस्लाव्हियातल्या लुब्लियानाला नेणं कटकटीचं. शिवाय ऑस्ट्रिया आता प्रजासत्ताक होतं, तर युगोस्लाव्हिया राजेशाही, आणि तिथली सक्तीची लष्करभरती शेतकरी घरांना नको होती.

आणखी एक खाचखळगा. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत मातृभाषा नव्हे, रोजच्या व्यवहारातली भाषा विचारत. घरी स्लोव्हेन बोलणारा पण जर्मन मालकाकडे राबणारा गडी सहज ‘जर्मन’ नोंदला जाई. त्यामुळे 70 हा आकडा खरं तर कमीच असावा. हंगेरीच्या जनगणनेत मात्र मातृभाषाच विचारलेली असे. म्हणून पुढे ऑस्ट्रिया की हंगेरी हे ठरवणारं शोप्रोन शहराचं डिसेंबर 1921चं सार्वमत अभ्यासायला घ्याल, तेव्हा दोन्हीकडचे तक्ते एकाच रकान्यात मांडू नका.