फीडबॅक कार्डांतून दोष कसा शोधावा : गरम पाण्याचे एक उदाहरण

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये नव्याने रुजू झालेल्यांकडे महिनाअखेरीस फीडबॅक कार्डांचा गठ्ठा सोपवला जातो, आणि बहुतेक जण गुणांची सरासरी काढून मोकळे होतात. मी पुणे स्टेशनजवळच्या एका मध्यम हॉटेलात हे काम करत असे. खरी माहिती कार्डाच्या तळाशी घाईत खरडलेल्या ओळीत असते, हे तिथे लवकरच ध्यानात आले.

एका महिन्यात ‘पाणी कोमट होते’, ‘गीझर बंद होता का?’, ‘बाथरूम ठीक, पण आंघोळ राहिली’ अशा ओळी वेगवेगळ्या कार्डांवर आल्या होत्या. शब्दांवरून वर्गवारी केली असती, तर यांतील निम्म्या हाउसकीपिंगच्या खात्यावर गेल्या असत्या. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे खोली क्रमांक, मजला आणि चेकआउटची वेळ असे तीन रकाने भरले. वेळ कार्डावर नसते, ती बिलावरून घ्यावी लागते. तक्ता मजल्यानुसार लावल्यावर काहीच हाती लागले नाही. वेळेनुसार लावला, तेव्हा जवळजवळ सगळे पाहुणे सकाळी सातच्या आत खोली सोडणारे निघाले. 7:15 ची डेक्कन क्वीन गाठणारा माणूस साडेपाचलाच नळ उघडतो. शिवाय त्यांच्या खोल्या पाण्याच्या मुख्य पाइपापासून लांब, कॉरिडॉरच्या टोकाला होत्या.

गरम पाणी पाइपांतून सतत फिरते ठेवणारा पंप टायमरवर सहा वाजता सुरू होत असे, त्यामुळे त्याआधी टोकाच्या खोल्यांना रात्रभर पाइपात साचून गार झालेले पाणीच आधी मिळे. दिवसा तपासणी करणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाला नळ गरमच लागे, आणि लॉगबुकात ‘तपासले, ठीक आहे’ अशी नोंद होई. ही नोंद खोटी नव्हती, तपासणीची वेळ चुकीची होती.

काम सोपवताना ‘मेंटेनन्सने लक्ष द्यावे’ असे लिहू नये; त्याने कोणीच बांधला जात नाही. आम्ही लिहिले : टायमर साडेचारला लावणे, जबाबदारी मेंटेनन्स सुपरवायझरची, मुदत शुक्रवार, पडताळणी रात्रपाळीच्या ड्यूटी मॅनेजरने पहाटे साडेपाचला टोकाच्या खोलीत नळ उघडून, गरम पाणी किती सेकंदांत येते ते मोजून करावी.

पुढच्या महिन्याची तुलना नुसत्या संख्येवर करता येत नाही. समजा, आधी 1,200 भरलेल्या खोली-रात्रींमागे 9 तक्रारी होत्या आणि लग्नसराईत 1,600 मागे 10 आल्या, तर संख्या वाढूनही दर शंभरी प्रमाण 0.75 वरून सुमारे 0.63 वर उतरलेले असते. मात्र इतक्या थोड्या कार्डांत एवढा फरक योगायोगानेही पडतो, आणि कार्ड न भरता निघून जाणारेच अधिक असतात. म्हणून पहाटेचे मोजमाप समाधानकारक येऊन सलग दोन महिने त्या टोकाच्या खोल्यांतून तक्रार आली नाही, तरच आम्ही तक्त्यातली ती ओळ बंद करत असू.