शाळेचं रेडिओ बातमीपत्र: मुलांना मुलाखत घ्यायला कसं शिकवावं

परिपाठात पाच मिनिटांचं बातमीपत्र ऐकवायला एक मोबाईल, एक इयरफोन, शाळेचा लाउडस्पीकर आणि सहावी ते आठवीतली सहा मुलं पुरतात. छोटा एफएम ट्रान्समीटर मागवून ‘खरा रेडिओ’ करा असा सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका. परवान्याशिवाय एफएमवर प्रसारण करणं कायद्यात बसत नाही, आणि स्पीकरवरूनही तीच मुलं तेच ऐकणार असतात. दोघं मुलाखतीला, दोघं शाळेत फिरून बातम्या आणायला, एक निवेदक आणि एक संकलनाला, अशी वाटणी करा. दर अंकाला कामं बदला. आठवड्याला एकच अंक काढा. रोज काढायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात सुविचार वाचायची वेळ येते.

मजकुराचं माप सोपं आहे. मुलं सावकाश वाचतात तेव्हा मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे निवेदन ३५० ते ४०० शब्दांचं आणि मुलाखतीतले २०-२५ सेकंदांचे दोन तुकडे, एवढ्यात पाच मिनिटं भरतात.

इथवर कुणाचं अडत नाही. अडतं ते मुलाखतीत.

प्रश्न

मुलांना दहा प्रश्न लिहून द्या, असं बहुतेक मार्गदर्शक सांगतात. ते करू नका. हातात दहा प्रश्नांचा कागद असला की मूल कागद वाचतं, समोरच्याचं ऐकत नाही. पहिल्या उत्तरात मोठी बातमी असली तरी ते ‘धन्यवाद’ म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जातं. तीनच प्रश्न लिहायचे. एक कामाचा (सकाळी आल्यावर पहिलं काय करता?), एक मोजता येईल अशा गोष्टीचा (रोज किती तांदूळ लागतो?) आणि एक अडचणीचा (कोणत्या दिवशी कामाचा सगळ्यात जास्त ताण पडतो, आणि काहून?).

दोन प्रश्नांवर तर सरळ बंदी घाला. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ आणि ‘विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल?’ पहिल्याचं उत्तर ‘छान वाटतं’ आणि दुसऱ्याचं ‘खूप अभ्यास करा’. कोणत्याही शाळेत, कोणत्याही माणसाकडून हेच मिळतं. संदेश मागितला की माणूस बोलणं सोडून भाषण सुरू करतो आणि मग त्याला तिथून परत आणता येत नाही. होय-नाहीत संपणारा प्रश्नही तसाच वाया जातो. ‘काम अवघड आहे का?’ याचं उत्तर ‘हो’. पुढे काय?

ऐकणारा जोडीदार

खरी मेख उपप्रश्नात आहे. तो लिहून देता येत नाही, कारण तो उत्तरातून निघतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला विचारणं, फोन धरणं आणि ऐकणं अशी तीन कामं एकदम जमत नाहीत. म्हणून मुलाखतीला दोघं पाठवायचे. एक विचारतो आणि फोन धरतो. दुसऱ्याने एकच करायचं: उत्तरात जो शब्द कळला नाही, किंवा जिथे आकडा, वेळ, नाव सुटलं, तो शब्द वहीत लिहायचा. पूर्ण वाक्य नाही, एकच शब्द. उत्तर संपलं की वही पहिल्याच्या समोर सरकवायची आणि पहिल्याने त्या शब्दावर विचारायचं. उपप्रश्नाचे साचेही तीनच ठेवा: ‘म्हणजे कसं?’, ‘कधीपासून?’, ‘एखादं उदाहरण सांगा ना.’

आणखी एक सवय घोटून घ्यावी लागते. उत्तर संपल्यावर मनात एक-दोन-तीन मोजूनच तोंड उघडायचं. मोठी माणसं त्या गप्प तीन सेकंदांत बरेचदा आपणहून पुढचं सांगतात, आणि कामाचं तेच असतं. मुलांना ती शांतता भारी जाते. ती घाईने ‘बरं, पुढचा प्रश्न’ म्हणून मोकळी होतात. आधी वर्गात एकमेकांवर सराव घ्या आणि त्या तीन सेकंदांत जो बोलेल त्याला बाद करा.

एक मुलाखत, सुरुवातीपासून

समजा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची मुलाखत आहे. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवायची. फोडणीच्या वेळी जाऊन उभं राहायचं नाही. सुरुवातीलाच सांगायचं, ‘मावशी, आम्ही हे परिपाठात स्पीकरवर ऐकवणार आहोत, चालेल ना?’ त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, आर्जवं करत बसायचं नाही.

‘रोज किती तांदूळ लागतो?’

‘कट्टा लागते जी.’

सरावाची नसलेली मुलं इथेच ‘रोज पन्नास किलो तांदूळ शिजतो’ अशी बातमी करतात. कट्टा पन्नास किलोचा असतो हे त्यांना ठाऊक असतं, मग झालंच. पण वहीवाल्याने ‘कट्टा’ लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न येतो: ‘म्हणजे एका दिवसात पूर्ण संपतो?’

‘नाही रे बाप्पा. आज फोडला का उद्या संपते.’

वर्गात परतल्यावर हा आकडा हिशेबाने तपासायचा, तेही मुलांनीच. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम धान्य असं योजनेचं प्रमाण आहे. पाचवीपर्यंत ते १०० ग्रॅम आहे. या तीन वर्गांत मिळून त्या दिवशी १६० मुलं हजर असतील तर १६० गुणिले १५०, म्हणजे २४ किलो. दोन दिवसांचे ४८. कट्टा दोन दिवस जातो हे मावशींचं म्हणणं बरोबर बसतं, आणि ‘रोज पन्नास किलो’ साफ चुकीचं ठरतं. हिशेब जुळला नाही तर बातमी थांबवायची आणि पुन्हा विचारायला जायचं. हजेरी वर्गशिक्षकांकडून घ्यायची, अंदाजाने लिहायची नाही.

बोली तशीच ठेवा. ‘कट्टा लागते जी’ हे ‘एक पोते लागते’ करून निवेदकाच्या तोंडी घालणारे शिक्षक भेटतात. रेडिओवर माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखू येतो. मैदानातल्या मुलाला आवाजावरून कळलं पाहिजे की या आपल्या मावशी. एखादा शब्द ऐकणाऱ्याला कळणार नाही असं वाटलं तर निवेदकाने आधीच्या वाक्यात तो उलगडावा, मावशींचं बोलणं सुधारत बसू नये.

रेकॉर्डिंग

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत अंतरावर, किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला धप्प असा आवाज येतो. फोन मुलाच्याच हातात राहू द्या. माणसाच्या हातात दिला की तो बोलता बोलता खाली जातो आणि आवाजही त्याच्याबरोबर जातो.

नागपुरात आवाजाचे दोन शत्रू आहेत. उन्हाळ्यात कूलर आणि पावसाळ्यात पत्रा. कूलरची घरघर जागेवर कानाला जाणवत नाही, पण स्पीकरवर ती बोलण्यावर मात करते. बोलण्यापुरता कूलर बंद करायला सांगा. पाऊस सुरू असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग करूच नका, स्लॅबच्या खोलीत या. रिकामी वर्गखोली घुमते; वाचनालय किंवा पडदे-पुस्तकं असलेली कोणतीही खोली त्याहून बरी. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इयरफोनने ऐका. मुलाखत आटोपल्यावर आवाज आला नाही हे कळून उपयोग नाही, कारण दुसऱ्यांदा सांगताना माणूस पहिल्यासारखं सांगत नाही.

तुकडा निवडणं आणि जोडणं

संकलनाला संगणकावर Audacity पुरेसं आहे, फुकट मिळतं. विंडोजवर मात्र मोबाईलची .m4a फाइल त्यात FFmpeg नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय उघडत नाही. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये WAV चा पर्याय असेल तर आधीच तो निवडा.

तुकडा असा निवडा की त्यात निवेदकाला सांगता न येणारं काही असेल. आकडा, तारीख, वर्ग हे निवेदक सांगेल. ‘आज फोडला का उद्या संपते’ हे मात्र मावशींनीच सांगावं. नवी मुलं हमखास एक चूक करतात: निवेदक म्हणतो ‘कट्टा दोन दिवस जातो’ आणि लगेच मावशीही तेच म्हणतात. दोनदा तेच ऐकलं की रांगेतली पोट्टी बोलायला लागतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘काल आपल्या शाळेत १६० मुलांसाठी २४ किलो तांदूळ शिजला. तांदळाचा कट्टा किती दिवस पुरतो, हे आम्ही मावशींना विचारलं.’ मग तुकडा.

मधले ‘अं’, खोकला, ठेच काढायला हरकत नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवायचं नाही आणि वाक्यातला ‘पण’च्या पुढचा भाग तोडायचा नाही. ‘गॅस वेळेवर येते, पण पावसाळ्यात दोनदा थांबला’ यातला अर्धा तुकडा वापरला तर ते खोटं होतं. हे मुलांना एकदा दोन्ही तऱ्हेने ऐकवा, लगेच कळतं.

बाकीच्या बातम्या

‘तान्हा पोळा उत्साहात साजरा झाला’ हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही शाळेत चालतं, म्हणून ते बातमीपत्रात नको. लाकडी बैल किती आले, सगळ्यात जुना कुणाच्या घरचा, कुणाच्या बैलाचं चाक मिरवणुकीत निखळलं, हे लिहा. तक्रारीची बातमी असेल, समजा मुलींच्या बाजूचा नळ बंद आहे, तर ज्याच्याकडे ते काम आहे त्याला विचारल्याशिवाय ती घ्यायची नाही. तो बोलला नाही तर ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’ असं सांगायचं. शिक्षा झालेल्या, नापास झालेल्या किंवा आजारी मुलाचं नाव कधीच नाही.

मुख्याध्यापकांना मजकूर दाखवावा लागतोच. पण आधीच ठरवून घ्या की त्यांनी चुकीची माहिती दुरुस्त करायची, अडचणीचा प्रश्न खोडायचा नाही. हे पहिल्या अंकाआधी बोलून ठेवलं नाही तर तिसऱ्या अंकापर्यंत नुसत्या सूचना उरतात.

चूक ऐकवली गेली तर पुढच्या अंकाची पहिली ओळ दुरुस्तीची असावी, शेवटची नाही: ‘मागच्या सोमवारी आम्ही आठवीच्या सहलीची तारीख चुकीची सांगितली. बरोबर तारीख ही.’ ज्याने ती बातमी आणली होती, दुरुस्तीही त्यानेच वाचायची.